निबंधाचे गुण: अख्खे की फोडी करून?

लांब निबंध तपासणं हा एक विचित्र उद्योग आहे. गणिताच्या पेपरात पायरी चुकली की गुण गेले, भांडायला जागा नाही. पण हजार-दीड हजार शब्दांचा निबंध समोर आला, की तपासणाऱ्यापुढे दोनच रस्ते असतात. एक तर तो सलग वाचायचा, मनात नीट उतरू द्यायचा आणि अख्ख्या निबंधाला मिळून एकच आकडा द्यायचा. नाहीतर रकाने आखायचे: आशय, मांडणी, भाषा, शुद्धलेखन. प्रत्येक रकान्यात वेगळे गुण आणि खाली बेरीज. पहिल्या पद्धतीला होलिस्टिक म्हणतात, दुसरीला अ‍ॅनालिटिक. मी आपलं त्यांना 'अख्खे गुण' आणि 'फोडींचे गुण' म्हणतो. घरात कुणी शिक्षक असेल किंवा तुम्ही कधी एखाद्या स्पर्धेचे परीक्षक झाला असाल, तर यातली एक पद्धत तुम्ही नाव न घेता वापरलीच असेल.

बहुतेकांचा समज असा, की फोडींचे गुण म्हणजे शास्त्रीय, आणि अख्खे गुण म्हणजे परीक्षकाची लहर. मला तो समज अर्धाच खरा वाटतो. का, ते सांगतो. त्यासाठी थोडं अमेरिकेत जावं लागेल, कारण या दोन्ही पद्धतींवर सगळ्यात जास्त घासाघीस तिथेच झाली आहे.

१९६१ साली तिथल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसमध्ये, म्हणजे ईटीएसमध्ये, पॉल डीडरिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक साधा पण अंगावर येणारा प्रयोग केला. कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे ३०० निबंध घेतले आणि ते ५३ जणांकडून तपासून घेतले. त्यात इंग्रजीचे शिक्षक होते, तसे इतर विषयांचे शिक्षक, लेखक-संपादक, वकील आणि कंपन्यांमधले अधिकारीही होते. कसं तपासायचं याच्या सूचना मुद्दामच दिल्या नाहीत. फक्त गुणवत्तेप्रमाणे नऊ गठ्ठे करायचे. निकाल काय लागला? एकाही निबंधाला पाचापेक्षा कमी वेगवेगळे शेरे मिळाले नाहीत. १०१ निबंध तर असे निघाले, की ते नऊच्या नऊ गठ्ठ्यांमध्ये कुणा ना कुणाच्या हातून पडले होते. म्हणजे एकच निबंध कुणाला सगळ्यात उत्तम वाटला आणि कुणाला सगळ्यात टाकाऊ!

डीडरिक इथे थांबले असते, तर आपण 'शेवटी ज्याची त्याची आवड' म्हणून मोकळे झालो असतो. पण त्यांनी पुढे आकडेमोड करून पाहिलं, की या भांडणात काही गट पडतात का. पाच गट पडले. एका गटाला विचार महत्त्वाचे वाटत होते, दुसऱ्याला रचना, तिसऱ्याला व्याकरण आणि शुद्धलेखन, चौथ्याला शब्दांची निवड, आणि पाचव्याला लिहिणाऱ्याचा स्वतःचा असा स्वाद. म्हणजे गुण देणारे मनाला येईल तसे देत नव्हते. जो तो निबंधातली वेगळीच गोष्ट मोजत होता आणि तिला 'निबंधाची गुणवत्ता' हे एकच नाव देत होता.

हा आजार कळल्यावर त्यावर दोन औषधं निघाली, आणि गंमत म्हणजे दोन्ही याच संस्थेच्या वर्तुळातून निघाली.

पहिलं औषध: हे पाच घटक उघड करा, प्रत्येकाला रकाना द्या, म्हणजे कोण काय मोजतंय ते दिसेल. डीडरिकनी तशी पट्टी तयारही केली. विचार आणि रचना यांना प्रत्येकी १०, शब्द आणि स्वाद यांना प्रत्येकी ५, आणि भाषेचा वापर, विरामचिन्हं, शुद्धलेखन, अक्षर यांना प्रत्येकी ५. एकूण ५०. आज आपल्याकडच्या स्पर्धांचे जे तक्ते दिसतात, ते याच धाटणीचे.

दुसरं औषध: रकाने नकोत, पण तपासणाऱ्यांना एकत्र बसवा, तेच नमुने वाचायला द्या आणि एकाच निबंधाकडे सगळे साधारण एकाच नजरेने बघू लागेपर्यंत सराव करून घ्या. मग एकच आकडा मागा. १९६६ साली ईटीएसच्याच गॉडशॉक, स्वाइनफर्ड आणि कॉफमन यांनी हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. शाळेच्या शेवटच्या वर्षांतल्या ६४६ मुलांनी प्रत्येकी पाच विषयांवर लिहिलं आणि प्रत्येक लिखाण पाच जणांनी भरभर वाचून त्याला १, २ किंवा ३ असा एकच गुण दिला. एका मुलाला मिळून पंचवीस वाचनं झाली. त्यांची बेरीज चांगलीच भरवशाची निघाली. लक्षात घ्या, भरवसा एका वाचनात नव्हता, पंचवीस वाचनांच्या बेरजेत होता. अख्ख्या गुणांची सगळी ताकद आणि सगळी मर्यादा या एका वाक्यात आहे.

अख्खे गुण म्हणजे 'वाचलं, आवडलं, सात दिले' असं नव्हे, हे इथे सांगायला हवं. नीट केलं तर त्याची पद्धत अशी असते. आधी गठ्ठ्यातून दहा-पंधरा निबंध उचलायचे आणि अनुभवी दोन-तीन जणांनी मिळून त्यातले नमुने ठरवायचे: हा सहाचा निबंध, हा चारचा, हा दोनचा. मग सगळ्या परीक्षकांनी ते नमुने वाचायचे, आपापला गुण कागदावर लिहायचा आणि एकदम उघड करायचा. ज्याचा आकडा वेगळा, त्याने कारण सांगायचं. हे दोन-तीन फेऱ्या. पट्टी शक्यतो सहाची, कारण पाचाची पट्टी दिली की शंका आली रे आली, परीक्षक तीनच्या सावलीत जाऊन बसतो. सहाला मधला आकडाच नाही, त्यामुळे निबंध वरच्या अर्ध्यात की खालच्या, हे ठरवावंच लागतं. प्रत्येक निबंध दोघांनी वाचायचा, पहिल्याचा गुण दुसऱ्याला दिसता कामा नये. दोघांत एकाचा फरक पडला तर चालतो, जास्त पडला तर तिसऱ्याकडे. २००५ ते २०१६ या काळात अमेरिकेतल्या एसएटी परीक्षेचा निबंध असाच तपासला जायचा: दोन वाचक, प्रत्येकी १ ते ६, एकूण १२.

यात बिघाड कुठे होतो, तेही त्याच परीक्षेने दाखवलं. २००५ मध्ये एमआयटीतले लेस पेरेलमन यांनी प्रसिद्ध झालेले नमुना निबंध घेऊन त्यांची लांबी मोजली. त्यांच्या लक्षात आलं, की निबंध न वाचता नुसता लांबीवरून गुण सांगितला, तरी तो बहुतेक वेळा बरोबर येतो. आता पंचवीस मिनिटांत जास्त लिहू शकणारा मुलगा बऱ्याचदा खरोखरच बरा लिहिणारा असतो, हे मान्य. पण परीक्षकाला दोन-तीन मिनिटांत एक आकडा द्यायचा असला, की डोळ्याला पटकन दिसणारी गोष्ट आत शिरते. लांबी, अक्षर, आधी वाचलेला निबंध. एका सुंदर निबंधानंतर आलेला बरा निबंध उगाचच फिका वाटतो. अख्ख्या आकड्याला फोडी नसतात, त्यामुळे आत काय शिरलं ते नंतर कळायलाही मार्ग नसतो. ओळखायचं असेल तर एकच उपाय: तपासून झालेल्यांपैकी चार-पाच निबंध दुसऱ्या दिवशी गठ्ठ्यात गुपचूप परत घालायचे आणि दुसऱ्यांदा काय गुण पडतात ते बघायचं.

फोडींच्या गुणांचा बिघाड मात्र वेगळा आहे, आणि तो बेरीज नीटनेटकी दिसते म्हणून लपून राहतो. याचं एक उदाहरण मी जवळून पाहिलं आहे, तेच सविस्तर सांगतो.

एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाने खुली निबंध स्पर्धा ठेवली होती. मर्यादा १५०० शब्द, विषय 'आमच्या गावचं पाणी'. ४६ निबंध आले. आम्ही तिघे परीक्षक: एक निवृत्त मुख्याध्यापक, कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या एक बाई, आणि मी. गुणांचा तक्ता वाचनालयाने आधीच पत्रकात छापला होता. आशय ४०, मांडणी २०, भाषा २०, शुद्धलेखन १०, आणि नियमपालन व टापटीप १०. बघायला किती शहाणा तक्ता! आशयाला सगळ्यात जास्त वजन, शुद्धलेखनाला कमी. कुणाची तक्रार असायचं कारण नाही.

तिघांनी वेगवेगळं तपासलं आणि सरासरी काढली. पहिला आला तो शाळेतल्या एका मुलीचा निबंध. आशय २७, मांडणी १७, भाषा १५, शुद्धलेखन ९, नियम १०. एकूण ७८. प्रस्तावना, पाण्याचं महत्त्व, गावातली टंचाई, उपाय, समारोप. एकही चूक नाही, आणि एकही वाक्य असं नाही जे दुसऱ्या कुणाच्या निबंधात नसेल.

सातव्या क्रमांकावर एक निबंध होता, त्याला ७० गुण. आशय ३३, मांडणी ११, भाषा १६, शुद्धलेखन ४, नियम ६. टँकरवर क्लीनरचं काम करणाऱ्या एका तरुणाने लिहिलेला. त्याने एका दिवसाच्या खेपांची नोंद असावी तसा निबंध लिहिला होता. पहिली खेप, दुसरी खेप, तिसरी खेप. प्रत्येक खेपेला कुठल्या वस्तीत टँकर थांबला, रांगेत आधी कोण, शेवटी कोण, कुणाचा हंडा भरायचा राहिला. चौथ्या खेपेला टँकर त्याच्या स्वतःच्या वस्तीत येतो आणि रांगेत त्याची आई उभी असते. तिला तो ओळख दाखवत नाही, कारण दाखवली तर बाकीच्या बायका म्हणतील की पोरगं आईला जास्त पाणी देतं. बस, एवढंच. शब्द १६४० झाले होते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता.

बेरजेचा कागद समोर ठेवून आम्ही तिघेही जरा वेळ गप्प बसलो. मग मुख्याध्यापक सर म्हणाले, "हा सातवा कसा काय? मी तर आशयाला त्यालाच सगळ्यात जास्त दिलेत."

बाई म्हणाल्या, "मीपण दिलेत, सर. पण बेरीज ही अशी आलीय."

आता बेरीज अशी का आली, हा खरा प्रश्न. वजाबाकी करून पाहा. आशय आणि भाषेत टँकरवाला त्या मुलीच्या ७ गुणांनी पुढे आहे. मांडणी, शुद्धलेखन आणि नियम यांत तो १५ गुणांनी मागे आहे. गोम इथेच आहे. आशयाला ४० गुण ठेवले होते खरे, पण ते वापरले कुणी? ४६ पैकी ४५ निबंधांचे आशयाचे गुण २४ ते ३० यांच्यामध्ये होते. आशय म्हटलं की परीक्षकाचा हात मध्यावर जाऊन थांबतो, कारण कुणाच्या विचाराला '१२' देणं जिवावर येतं आणि '३८' द्यायला धीर होत नाही. शुद्धलेखन आणि नियम यांचे मिळून २० गुण, पण तिथे चुका मोजता येतात, त्यामुळे हात सैल सुटतो. ते ७ पासून १९ पर्यंत पसरले होते. म्हणजे छापील तक्त्यात आशयाचं वजन दुप्पट, आणि प्रत्यक्ष क्रम ठरवण्यात टापटिपीचं वजन दुप्पट.

फोडींच्या गुणांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी: कुठल्या रकान्याचं खरं वजन किती, हे त्याच्या डोक्यावर लिहिलेल्या आकड्यावरून ठरत नाही. त्यात गुण किती पसरले, त्यावरून ठरतं. सगळ्यांना सारखेच गुण मिळालेला रकाना शंभराचा असला, तरी क्रमवारीत त्याचं वजन शून्य. तपासायला सोपं आहे. प्रत्येक रकान्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा गुण लिहून काढा आणि फरक बघा. दहा मिनिटांचं काम, पण ते निकालाच्या आधी करायला हवं.

दुसरी गोष्ट मांडणीच्या रकान्यात सापडली. टँकरवाल्याला तिथे सरासरी ११ होते, पण सरांनी ८, मी ११ आणि बाईंनी १४ दिले होते. सरांच्या मते मांडणी म्हणजे प्रस्तावना, मुद्दे, समारोप. निबंधात ते नव्हतं, म्हणून ८. बाईंच्या मते मांडणी म्हणजे एकातून दुसरं निघतं की नाही. खेपांच्या क्रमाने निबंध चढत गेला होता, म्हणून १४. दोघेही आपापल्या जागी बरोबर. डीडरिकचे गट आमच्या टेबलावर येऊन बसले होते, फक्त आता ते एकाच रकान्याच्या आत भांडत होते. रकान्याला नुसतं नाव देऊन भागत नाही. 'मांडणीला १६ ते २० केव्हा' हे दोन वाक्यांत लिहून द्यावं लागतं, आणि एखाद्या नमुन्यावर एकत्र बसून घासूनही घ्यावं लागतं. ते टाळता येत नाही. रकाने केले म्हणून नमुने वाचायची मेहनत वाचत नाही, उलट प्रत्येक रकान्यासाठी ती करावी लागते.

फोडींचा तिसरा बिघाड आमच्याकडे झाला नाही, पण सगळ्यात जास्त तोच होतो. पहिल्या परिच्छेदात निबंध आवडला, की आशयालाही १६, मांडणीलाही १६, भाषेलाही १६. पाच रकाने भरलेत, पण मत एकच. गठ्ठ्यातल्या बहुतेक निबंधांचे रकाने असे हातात हात घालून चालत असतील, तर समजावं की अख्खेच गुण दिलेत, फक्त जास्त शाई खर्च करून.

तर मग त्या स्पर्धेचं काय झालं? वाचनालयाच्या कार्यवाहांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. पहिले बारा निबंध, नावं आणि गुण झाकून, त्यांनी दोन नवीन वाचकांना दिले. सोबत नमुना म्हणून उरलेल्यांतले चार निबंध. रकाने नाहीत, एक ते सहा यातला एकच आकडा. दोघांनीही टँकरच्या निबंधाला ६ दिले. मुलीच्या निबंधाला दोघांनीही ४.

आणि तरीही पहिलं बक्षीस त्या मुलीलाच गेलं. जायलाच हवं होतं, असं मला आजही वाटतं. तक्ता पत्रकात छापलेला होता. तिने तो वाचला, त्यात जे मागितलं ते सगळं दिलं. खेळ संपल्यावर नियम बदलून तिचं बक्षीस काढून घेणं हा तिच्यावर अन्याय झाला असता, आणि तोही तिचा काहीही दोष नसताना. तक्ता चुकीचा होता, त्यात तिचा काय संबंध? पण सातव्याला काहीच मिळालं नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही, हेही खरं. मोजायच्या पद्धतीची निवड ही स्पर्धेच्या आधीची गोष्ट आहे, एवढं त्या दुपारी तिथे बसलेल्या सगळ्यांना नीटच कळलं.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे अख्खे गुण चांगले, फोडी वाईट! तसंही नाही. याच फोडींचा एक उपयोग त्याच स्पर्धेत दिसला. स्पर्धकांना आपापले गुण चिठ्ठीवर कळवले गेले. टँकरवाल्याच्या हातात नुसतं '७०' पडलं असतं किंवा नुसतं '६', तर त्याला त्यातून काय मिळालं असतं? पण चिठ्ठीवर आशय ३३ आणि शुद्धलेखन ४ असं शेजारी शेजारी दिसलं. तुझ्याकडे सांगण्यासारखं आहे आणि तुझं शुद्धलेखन कच्चं आहे, या दोन्ही गोष्टी एकदम, आणि एक दुसरीला न झाकता. अख्खा आकडा हे कधीच सांगू शकत नाही.

परदेशी जाण्यासाठी आयईएलटीएस दिलेले आपल्या प्रत्येकाच्या नात्यात कुणी ना कुणी असतं. तिथल्या मोठ्या निबंधाला, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाला, चार रकाने असतात: प्रश्नाला धरून उत्तर, विचारांची सुसंगती, शब्दसंपत्ती, आणि व्याकरण. चौघांचं वजन सारखं. समजा एका मुलाला ८, ७, ६, ५ मिळाले आणि दुसरीला ७, ७, ६, ६. दोघांची सरासरी साडेसहाच. पण पहिल्याने पुढचे दोन महिने फक्त व्याकरणावर घालवायला हवेत, आणि दुसरीला कुठलीच एक गळती नाही. दुसरी भाषा शिकणाऱ्याची प्रगती अशी वरखाली असतेच, विचार पुढे गेलेले आणि व्याकरण मागे. तिथे अख्खा आकडा देणं म्हणजे ताप, खोकला आणि पोटदुखी यांची सरासरी काढून डॉक्टरला सांगणं.

मोठ्या परीक्षाही या दोन टोकांमध्ये हलत आल्या आहेत. एसएटीने २०१६ मध्ये तो एकच आकडा सोडला आणि वाचन, विश्लेषण, लेखन असे तीन वेगळे गुण द्यायला सुरुवात केली. त्यांची बेरीजही करायची नाही असं ठरवलं. २०२१ मध्ये तो निबंधच बहुतेक ठिकाणी बंद झाला. अमेरिकेतल्याच एपी इंग्रजीच्या परीक्षेत वर्षानुवर्षं ९ पैकी एकच अख्खा गुण असायचा. २०१९-२० पासून तिथे सहाची फोडणी झाली: दावा मांडला त्याला १, पुरावा आणि त्याचं विवरण यांना ४, आणि शेवटचा १ गुण 'सॉफिस्टिकेशन'ला. हा शेवटचा गुण मला फार बोलका वाटतो. सगळ्या फोडी करून झाल्यावरही काहीतरी हाताला लागायचं राहतं, निबंध एकूण कसा उतरला ते. त्यासाठी एक वेगळी खुर्ची ठेवावीच लागली. डीडरिकच्या तक्त्यातला 'स्वाद' तो हाच!

तर माझं मत काय? गुण कशासाठी हवेत, ते आधी विचारावं. नुसती निवड करायची असेल, पहिले तीन काढायचे असतील, आणि दोन-तीन वाचक जमवता येत असतील, तर अख्खे गुण बरे. निबंधाचं मोल बऱ्याचदा एकूणात असतं आणि निवडीत तेच बघायचं असतं. लिहिणाऱ्याला सुधारायचं असेल, किंवा एखाद्या घटकात किमान पात्रता हवीच असेल, तर फोडी हव्यात. मुद्रितशोधकाच्या जागेसाठी परीक्षा असेल, तर शुद्धलेखन ४ असलेला टँकरवाला कितीही छान लिहो, तिथे त्याला घेता येणार नाही, आणि हे अख्ख्या आकड्यात दिसणार नाही. घरी एकटीने साठ वह्या तपासणाऱ्या बाईंनाही मी फोडीच सुचवेन, कारण दुसरा वाचक नसताना स्वतःच्या लहरीवर नजर ठेवायला रकाने हीच काय ती सोबत.

निबंध फारच लांब असेल, तर मात्र दोन्ही करावं, आणि याच क्रमाने. दीड हजार शब्दांच्या शेवटी पोचेपर्यंत मधला भाग पुसट झालेला असतो, म्हणून एकट्या अख्ख्या आकड्यात सुरुवात आणि शेवट यांचंच राज्य चालतं. आणि पहिल्याच वाचनात रकाने भरायला घेतले, तर आपण चुका वेचत जातो आणि निबंध वाचायचाच राहतो. म्हणून आधी हातात पेन न घेता सलग वाचावं, एक ते सहा यातला एक आकडा लिहून कागद उलटा ठेवावा. मग दुसऱ्या वाचनात रकाने. दोन्ही जुळले तर प्रश्न नाही. अख्खा आकडा ६ आणि बेरीज सातवी, असं काही निघालं, तर तेवढेच निबंध बाजूला काढून पुन्हा बोलावं. असे निबंध गठ्ठ्यात थोडेच असतात, पण बहुधा पूर्ण स्पर्धा त्यांच्यासाठीच घेतलेली असते.

त्या वाचनालयाने पुढच्या वर्षीच्या पत्रकात हेच छापलं. बक्षिसं अख्ख्या गुणांवर, दोन वाचक, वाद झाल्यास तिसरा. आणि प्रत्येक स्पर्धकाला फोडींची चिठ्ठी. शब्दमर्यादेचे गुण काढून टाकले, त्याऐवजी '१५०० शब्दांनंतरचा मजकूर वाचला जाणार नाही' एवढी एक ओळ घातली. आमचे मुख्याध्यापक सर त्यावर म्हणाले, "आता कसं, मर्यादाही राहिली आणि कुणाचे गुणही कापायला नकोत." खरं तर एवढं सोपं होतं ते.

असो. वह्यांचा गठ्ठा कुणासमोर पडला असेल, तर मोठ्या आणि छोट्या गुणातला फरक तेवढा काढून बघा.